गाडी शिरोलीत, ओटीपी वाऱ्यावर

एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे अडीच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गेटवर कास्टिंग भरलेली गाडी उभी होती. ड्रायव्हर डबा खाऊन झाडाखाली पाय पसरून बसला होता आणि आत ऑफिसात कारकून मुलगा संगणकापुढे डोकं धरून. गाडीला तमिळनाडूत होसूरला जायचं होतं. माल परराज्यात चाललेला आणि किंमत पन्नास हजारांच्या कितीतरी वर, म्हणजे ई-वे बिलाशिवाय गाडी गेटाबाहेर काढायची सोय नाही. बिल काढायचं तर पोर्टलवर लॉगिन हवं, आणि लॉगिनचा ओटीपी जायचा मालकाच्या मोबाइलवर. मालक, म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, त्या वेळी जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात होता. तिथे सकाळचे अकरा वाजले होते.

मी अशा लहान कारखान्यांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल मलाच आला. "आरं, ओटीपीच येईना झालाय. नेट तर फुल्ल चालतंय. चालतंय म्हणून तर तुझ्याशी बोलतोय की!"

त्याच्या या वाक्यातच सगळी गोम होती. नेट चालत होतं ते निघण्याआधी विकत घेतलेल्या जर्मनीच्या ई-सिमवर. ओटीपी जात होता तो फोनमधल्या भारतीय सिमवर. एकाच फोनमध्ये दोन सिम असली, तरी मोबाइल कंपनीच्या हिशेबी ती दोन वेगळी माणसं असतात. एकाला रेंज आहे म्हणून दुसऱ्याचं पत्र त्याच्या हातात कुणी देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमुळे ही समजूत आणखी पक्की होते. व्हॉट्सअ‍ॅप भारतीय नंबरचंच असतं आणि जर्मन नेटवर बिनबोभाट चालतं, मग एसएमएस का येऊ नये? कारण व्हॉट्सअ‍ॅपला नंबर लागतो तो खातं उघडताना. पुढचा सगळा व्यवहार इंटरनेटवरून. एसएमएस मात्र दर वेळी सिमला शोधत येतो.

तो शोध कसा चालतो, हे एकदा समजून घ्यायला हवं. पोर्टलने पाठवलेला संदेश आधी आपल्या भारतीय मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात पोचतो. तिथून कंपनीच्या एका मोठ्या नोंदवहीला विचारणा होते: हे सिम आत्ता कुठे आहे? आपण परदेशात उतरून फोन चालू केला की तिथलं नेटवर्क आपल्या सिमचा नंबर पाहतं, भारतातल्या कंपनीला विचारतं की हा तुमचा माणूस आमच्याकडे आलाय, याला ठेवून घेऊ का. भारतातून 'हो' आलं की नोंदवहीत नवा पत्ता पडतो. मग एसएमएस त्या पत्त्यावर जातो. हे 'हो' म्हणजेच इंटरनॅशनल रोमिंग. ते आलं नाही तर नोंदवहीत शेवटचा पत्ता मुंबई विमानतळाच्या आसपासचा राहतो आणि संदेश तिथल्या तिथे पडून राहतो. संदेश केंद्र काही काळाने पुन्हा प्रयत्न करतं, पण पाठवणाऱ्याने ठरवलेली मुदत संपली की टाकून देतं. ओटीपीची मुदत मुळात काही मिनिटांची. त्यामुळे उशिरा पोचलेला ओटीपी आणि न पोचलेला ओटीपी यांत फरक नाही.

मित्राच्या फोनवर भारतीय सिमच्या जागी काय दिसतंय, हे मी विचारलं. तो म्हणाला, ते तर मी बंदच करून ठेवलंय, बिल येईल म्हणून. हे मी निदान डझनभर लोकांकडून ऐकलं आहे. रोमिंगच्या बिलाच्या जुन्या गोष्टी आपल्या मनात इतक्या बसल्या आहेत की विमानात बसण्याआधी लोक सिमच बंद करून टाकतात. खरं तर फोनमध्ये दोन वेगवेगळी बटणं असतात. एक सिम चालू-बंद करायचं आणि दुसरं त्या सिमवरचं डेटा रोमिंग. भीती असते ती दुसऱ्याची, कारण पैसे इंटरनेटला लागतात. सिम चालू, त्यावरचं डेटा रोमिंग बंद आणि इंटरनेटसाठी परदेशी ई-सिम निवडलेलं, अशी मांडणी केली की एसएमएस येत राहतात आणि डेटाचं बिल उठत नाही. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे लावत नाहीत. आलेला कॉल उचलला तर मात्र लागतात, म्हणून तो उचलायचा नाही.

त्याने सिम चालू केलं. तरी नेटवर्कच्या जागी 'फक्त आपत्कालीन कॉल'. म्हणजे 'हो' आलेलं नव्हतं. प्रीपेड सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. ते सुरू करायला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिरायचं, तर अ‍ॅपने ओटीपी मागितला. तो ओटीपी कुठे येणार? त्याच सिमवर. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावं, तसला प्रकार. सुटका झाली ती घरून. त्याच्या मुलाने कोल्हापुरातून आपल्या फोनवरून वडिलांच्या नंबरावर रोमिंगचा पॅक मारला. रिचार्ज करायला समोरच्या सिमचा ओटीपी लागत नाही, हे त्या दिवशीचं नशीब.

पॅक पडला तरी दहा मिनिटं काही हललं नाही. मग त्याला फोन विमान मोडमध्ये टाकून अर्ध्या मिनिटाने काढायला सांगितलं, म्हणजे फोन नव्याने नेटवर्ककडे नोंदणी मागतो. तेही फसल्यावर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करायला लावली. यादीत जर्मनीतल्या तीन कंपन्या दिसल्या. पहिलीने नाकारलं, दुसरीने घेतलं. प्रत्येक भारतीय कंपनीचा करार तिथल्या प्रत्येक कंपनीशी असतोच असं नाही, आणि फोन बिचारा कधीकधी ज्याची रेंज जोरदार त्याच्याच दारात डोकं आपटत बसतो. दुसऱ्या कंपनीचं नाव वर झळकलं आणि पाठोपाठ चार ओटीपी एकदम टणटणले.

चारही मेलेले. कारकून मुलाने काळजीपोटी दर पाच मिनिटांनी 'पुन्हा पाठवा' दाबलं होतं. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी मागितला की जुना रद्द होतो, आणि परदेशात संदेश उशिरा येतात तेव्हा ते मागितलेल्या क्रमाने येतीलच असंही नाही. मग माणूस तिसऱ्या मागणीच्या वेळी पहिला आकडा टाकतो, दोन-तीनदा चुकतो आणि खातं काही वेळासाठी बंद पडतं. एकदाच मागायचा, मागितलेली वेळ बघून ठेवायची आणि तो आला नाही तर मुदत पूर्ण संपू द्यायची, हे घाईच्या वेळी फार अवघड जातं. पाचवा ओटीपी साडेचार वाजता आला, बिल निघालं, गाडी हलली.

असं अडकल्यावर खोट कुठे आहे हे शोधायला मी एक साधी चाचणी करतो. सिमसमोर परदेशी नेटवर्कचं नाव दिसत असेल, तर घरच्या कुणाला तरी त्या नंबरवर साधा एसएमएस पाठवायला सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, एसएमएस. घरच्यांचा 'जेवलास का' पोचला आणि पोर्टलचा किंवा बँकेचा ओटीपी नाही पोचला, तर तुमचं सिम ठणठणीत आहे आणि अडथळा पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. आपल्याकडे कंपन्यांचा प्रत्येक एसएमएस आधी नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून मगच पुढे सोडला जातो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी पहिल्यांदा सक्तीने लावली, तेव्हा देशात घरबसल्या लोकांचेसुद्धा ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामकाला ती आठवडाभर थांबवावी लागली होती. तिथे अडकलेल्या संदेशासाठी हॅनोव्हरमध्ये फोन बंद-चालू करून उपयोग नाही. उलट घरच्यांचाही एसएमएस आला नाही, तर दोष रोमिंगचा, आणि वरची विमान मोडची व नेटवर्क निवडीची खटपट करून बघायला जागा आहे.

पण हे सगळं झालं दुखण्यावरचं मलम. मित्र परत आल्यावर आम्ही एका रविवारी बसलो आणि त्याच्या एकेका लॉगिनचा एसएमएसशी असलेला संबंध तोडायला घेतला.

पहिलं ई-वे बिल. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर सगळ्याच करदात्यांना पासवर्डनंतरची ही दुसरी तपासणी सक्तीची झाली. त्यासाठी एसएमएस हा तीनांतला एक मार्ग आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. दुसरा सरकारी संदेस अ‍ॅपचा, आणि तिसरा `NIC-GST-Shield` नावाच्या अ‍ॅपचा. हे तिसरं आम्हाला हवं होतं. ते पोर्टलवरच लॉगिन करून `2-Factor Authentication` या मेनूतून उतरवून घ्यायचं असतं, आणि नोंदवलेल्या मोबाइल नंबराने एकदा त्याची नोंदणी करावी लागते. म्हणजे हे काम सिम हाताशी आणि रेंजमध्ये असताना, इथेच उरकायचं. एकदा ते झालं की अ‍ॅप उघडायचं, समोर आकडा दिसतो, दर तीस सेकंदांनी बदलतो. त्याला सिम लागत नाही, रेंज लागत नाही, इंटरनेटसुद्धा लागत नाही.

मित्राने विचारलं, "मग त्या पोर्टलला कसं कळतंय, माझ्या फोनात काय आकडा आलाय ते?" प्रश्न रास्त होता. आकडा कुणी पाठवतच नाही. अ‍ॅपची नोंदणी होते तेव्हा एक गुपित संख्या दोन्हीकडे ठेवली जाते, एक प्रत फोनमध्ये आणि एक सर्व्हरवर. पुढे दोघंही आपापल्या जागी तेच गणित करतात: ती गुपित संख्या आणि आत्ताची वेळ एकत्र घुसळायची आणि शेवटी सहा अंक उरवायचे. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि बहुतेक सगळ्यांची असली अ‍ॅप ज्या प्रमाण पद्धतीने चालतात ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वेळ मोजायची रीत मजेदार आहे. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजायचं आणि त्याला तीसने भागायचं. १ एप्रिल २०२५ ला ग्रिनिचच्या वेळेने दिवस सुरू झाला तेव्हा हे सेकंद १,७४,३४,६५,६०० होते. तीसने भागले की ५,८१,१५,५२०. कोल्हापुरात तेव्हा पहाटेचे साडेपाच होते आणि हॅनोव्हरात रात्रीचे दोन, पण भागाकार दोन्हीकडे एकच. म्हणून देश बदलला तरी आकडा बिघडत नाही.

बिघडतो तो माणसाने घड्याळात हात घातला की. फोनची वेळ आपोआप न ठेवता, देश भारतच राहू देऊन कुणी हाताने काटे साडेतीन तास मागे सारले, तर फोनच्या लेखी खरोखरच साडेतीन तास आधीची वेळ होते. साडेतीन तासांचे १२,६०० सेकंद, म्हणजे तीस-तीस सेकंदांचे ४२० टप्पे मागे. सर्व्हर साधारणपणे एखाद-दुसऱ्या टप्प्याची तफावत चालवून घेतो, चारशे वीसची नाही. आकडा दिसतो, दर तीस सेकंदांनी इमानदारीत बदलतो आणि प्रत्येक वेळी चूक ठरतो. असं झालं तर आधी सेटिंगमध्ये तारीख-वेळ आणि टाइमझोन दोन्ही 'आपोआप' वर आहेत का ते पाहायचं.

ई-वे बिलाच्या बाबतीत दुसरी, अ‍ॅपपेक्षाही सरळ सोय होती आणि तीच त्याने वर्षानुवर्षं टाळली होती. पोर्टलवर मालकाच्या खात्याखाली उपवापरकर्ता तयार करता येतो, त्याला कोणती कामं करू द्यायची ते ठरवता येतं, आणि त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या नंबरवर जातो. मालक मात्र एकच लॉगिन सगळ्यांना वापरू देत होता आणि ओटीपी फोनवरून सांगत होता. "पोराला खातं दिलं तर उद्या काय करील, सांगता येतंय व्हय?" असं त्याचं म्हणणं. आता पोराला फक्त ई-वे बिल काढण्यापुरतं खातं आहे, आणि कोणतं बिल कुणी काढलं ते नावानिशी दिसतं. ओटीपी फोनवरून सांगायच्या सवयीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित. ती सवय फसवणूक करणाऱ्यांनाच जास्त सोयीची असते.

मग ऑफिसच्या संगणकात दुरून शिरायचं लॉगिन. टॅली त्या संगणकावर, म्हणून हॉटेलातून लॅपटॉपवर तो संगणक उघडायचा असा त्याचा बेत होता. पण हे ऑफिसच्या गूगल खात्यावरून चालायचं, लॅपटॉप नवा होता, देश नवा होता, आणि गूगलने कोड मागितला. तोही एसएमएसने. आम्ही त्या खात्याला ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलं. इथे एक युक्ती आहे जी नंतर करता येत नाही: जोडताना पडद्यावर जो क्यूआर कोड येतो, त्यात ती गुपित संख्याच असते. तो पडद्यावर असतानाच दोन फोनांनी स्कॅन केला, तर दोन्ही फोन कायम एकच आकडा दाखवतात. आम्ही मित्राचा फोन आणि त्याच्या बायकोचा फोन, दोन्ही लावले. परदेशात एक फोन चोरीला गेला किंवा राइनमध्ये पडला, तर दुसरा उरतो.

शिवाय गूगल आठ अंकी बॅकअप कोड देतं, एका वेळी दहा. प्रत्येक एकदाच चालतो. हे कोड त्याने आधीच काढलेले होते, हे कळल्यावर मला आनंद झाला. ते कुठे ठेवलेत विचारलं, तर म्हणाला, मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवलेत. त्याच गूगल खात्याच्या मेलवर. आता त्यांची एक छापील प्रत पासपोर्टच्या पाकिटात आहे, कुठल्या खात्याचे ते न लिहिता, आणि एक घरी.

बँकेचं मात्र आपल्या हातात नाही. बँक ज्या मार्गाने ओटीपी पाठवते तो घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत एसएमएसखेरीजच्या मार्गांना वाव दिला आहे, पण तुमची बँक काय देते ते तिच्या अ‍ॅपमध्येच पाहावं लागतं. तोवर भारतीय सिम फोनमधून बाहेर काढायचंच नाही. बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप सिमशी बांधलेली असतात. सिम काढलं तर काही अ‍ॅप उघडत नाहीत, आणि परदेशात अ‍ॅप पुसून पुन्हा टाकलं तर ते त्या सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवू पाहतं. रोमिंगमध्ये तो जाईलच याची हमी नसते. मित्राला सिमची खाच परदेशी सिमसाठी मोकळी हवी होती म्हणून भारतीय सिमचं ई-सिम करायचं होतं. करायला हरकत नाही, फक्त आदल्या रात्री नको. सिम बदललं की फसवणूक रोखण्यासाठी नव्या सिमवर २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवलं जातं. विमानतळावर बसून नेमका तोच दिवस वाया जातो. आणि प्रीपेडचा २८ दिवसांचा पॅक प्रवासाच्या मध्येच कुठे संपतोय का, हेही मोजायचं. व्हॅलिडिटी गेली की रोमिंग असून नसल्यासारखं.

काहीजण सिम एका जुन्या फोनमध्ये घालून घरी चार्जरला लावून जातात आणि संदेश संगणकावर दाखवणाऱ्या सोयीने परदेशातून वाचतात. माझ्या एका ओळखीच्यांनी हे केलं होतं. आठवडाभर उत्तम चाललं. मग घरी वीज गेली, जुनी बॅटरी तासाभरात संपली, वीज आल्यावर फोन पुन्हा चालू झाला आणि स्क्रीनच्या पिनपाशी थांबून राहिला. अँड्रॉइड फोन चालू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकल्याशिवाय आतली साठवण उघडत नाही आणि संदेश पुढे जात नाहीत. घराला कुलूप होतं.

मित्राला आता ड्युसेलडॉर्फच्या गिफाचे वेध लागलेत. ओतकामाचं ते प्रदर्शन चार वर्षांतून एकदा भरतं. जायला अवकाश आहे, पण परवा त्याने एक तालीम करून पाहिली. भारतीय सिम बंद, फोन विमान मोडमध्ये, फक्त वायफाय चालू, आणि घरून ऑफिसच्या संगणकात शिरून एक ई-वे बिल काढायचं. गूगलचा कोड अ‍ॅपमधून मिळाला, पोर्टलचा दुसऱ्या अ‍ॅपमधून. शेवटी बँकेत पैसे वळते करायला गेला आणि तिथे अडकला. मग सिम चालू केलं, ओटीपी आला, आणि त्याने बँकेच्या नावापुढे डायरीत फुली मारून ठेवली.